सर्वांगीण अभिप्राय (३६० अंशांतील अभिप्राय)

एखाद्या व्यक्तीच्या कामातील वागणुकीविषयी तिचे वरिष्ठ, समकक्ष, हाताखालचे सहकारी आणि ती स्वतः अशा चारही बाजूंनी एकाच प्रश्नावलीवर मत घेण्याची पद्धत. व्यवहारात ‘थ्री-सिक्स्टी’ हे नाव रूढ आहे. येथे मुख्यतः उच्चपदस्थांच्या बाबतीत या बाजू एकमेकींशी का जुळत नाहीत, याचा विचार केला आहे.

उगमाविषयी एकमत नाही. काही लेखक १९३० च्या दशकातील जर्मन लष्करी अधिकारी-निवडीकडे बोट दाखवतात; तेथे उमेदवाराबद्दल अनेक निरीक्षकांचे मत घेतले जाई. मात्र ते निरीक्षक परीक्षक होते, रोज त्याच्या हाताखाली काम करणारे नव्हते. त्यामुळे १९५० च्या दशकात एस्सो कंपनीच्या संशोधन विभागाने कर्मचाऱ्यांकडून माहिती गोळा केली, तोच या पद्धतीचा जवळचा पूर्वज मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ‘३६० अंश’ हे नाव बरेच नंतर, साधारणतः १९८० च्या दशकापासून रुळले.

बाजूंमधील तफावत जुनीच आहे. हॅरिस व शाउब्रोक यांनी १९८८ मध्ये केलेल्या एकत्रित विश्लेषणात समकक्ष व वरिष्ठ यांच्या गुणांचा सहसंबंध सुमारे ०.६२ होता, स्वतःचे गुण आणि वरिष्ठांचे गुण यांचा मात्र ०.३५ च्या आसपासच. कॉनवे व हफकट यांनी १९९७ मध्ये हाताखालचे लोक व वरिष्ठ यांच्यातील सहसंबंध सुमारे ०.२२ इतकाच दाखवला. याचा एक अर्थ असा लावला जातो की प्रत्येक गटाला नेत्याचे वेगळे, पण खरेच रूप दिसते. दुसऱ्या मताचा आधार स्कलेन, माउंट व गॉफ यांचा २००० सालचा अभ्यास आहे. त्यात गुणांमधील निम्म्याहून अधिक फरक गटामुळे नव्हे, तर गुण देणाऱ्या एकेका व्यक्तीच्या धाटणीमुळे पडतो असे आढळले. ही दोन मते परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही, पण वाचनाचा क्रम दुसऱ्या मतावरून ठरवावा: आधी गटाच्या आतला विखुरलेपणा, मग गटागटांतील अंतर.

एका कल्पित विभागप्रमुखाचे उदाहरण घेऊ. विधान असे आहे : ‘मतभेद असला तरी समोरच्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतात.’ गुण १ ते ५. वरिष्ठाने ५ दिले. चार समकक्षांनी ३, ३, ४ आणि २ दिले. हाताखालच्या सहा जणांनी २, २, २, २, ५ आणि ५ दिले. अकरा जणांची सरासरी ३.२ येते आणि अहवालात ‘ठीक’ असा शेरा पडतो. समकक्ष आणि कनिष्ठ, दोन्ही गटांची सरासरी नेमकी ३ आहे. तरीही समकक्षांचे मत मधोमध एकवटले आहे, तर कनिष्ठांत मधले कोणीच नाही. तेथे दोन वेगळे अनुभव आहेत. सरासरीपुरता अहवाल ही फूट गिळून टाकतो, म्हणून प्रत्येक गुण किती जणांनी दिला हे त्यात असावेच लागते.

आता लेखी शेरे पाहावेत. एका कनिष्ठाने लिहिले आहे : ‘बैठकीत साहेब प्रश्न विचारतात, पण उत्तर अर्धे होण्याआधी निर्णय सांगून मोकळे होतात.’ वरिष्ठाच्या ५ गुणांशी याचा विरोध नाही. महिन्याच्या आढावा बैठकीत वरिष्ठ बोलतो आणि विभागप्रमुख ऐकतो. निर्णय त्याच्या हातात असताना तो कसा ऐकतो, हे वरिष्ठाला दिसतच नाही. म्हणून प्रत्येक विधानापुढे ‘पाहण्याची संधी मिळाली नाही’ असा पर्याय हवा. तो नसेल तर वरिष्ठ कामाच्या फलितावरून वागणुकीचे गुण देतो.

नावे गुप्त राहावीत म्हणून कनिष्ठ व समकक्षांच्या गटात किमान तीन उत्तरे आल्याशिवाय त्या गटाचे गुण वेगळे दाखवायचे नाहीत, असा संकेत आहे. उच्चपदी ही अडचण मोठी होते, कारण थेट हाताखाली पाच-सहाच माणसे असतात आणि लेखी शेऱ्याची भाषा ओळखू येते. वरील चार २ गुण कोणाचे, हा शोध सुरू झाला की पुढच्या वर्षी सगळेच ४ देतात. पगारवाढ वा बढती याच गुणांवर ठरत असेल, तर हे आणखी लवकर घडते.

परिणामाविषयी पुरावे माफक आहेत. स्मिदर, लंडन व रायली यांनी २००५ मध्ये २४ दीर्घकालीन अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा सरासरी सुधारणा अल्प दिसली. वॉकर व स्मिदर यांच्या १९९९ च्या पाच वर्षांच्या अभ्यासात ज्या व्यवस्थापकांनी अहवालावर हाताखालच्या लोकांशी बसून चर्चा केली, त्यांच्यात इतरांपेक्षा अधिक सुधारणा झाली. त्या चर्चेत ‘हे कोणी लिहिले?’ हा प्रश्न वर्ज्य असतो. विभागप्रमुखाने विचारायचे ते इतकेच : मागच्या कोणत्या बैठकीत मी उत्तर मध्येच तोडले आणि त्या वेळी काय सांगायचे राहून गेले?