देणगीचा चेक लिहिण्याआधी: ट्रस्टचे ८०जी प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत चालते?

ट्रस्टकडे कागदपत्रे मागितली की व्हॉट्सअ‍ॅपवर साधारण तीन पीडीएफ येतात. एक धर्मादाय आयुक्तांचे नोंदणी प्रमाणपत्र, दुसरा १२एचा आदेश आणि तिसरा ८०जीचा. तिन्ही कागद अस्सल असूनही देणगीदाराची आयकरातली वजावट नाकारली जाऊ शकते, कारण प्रत्येक कागदाचे काम निराळे आहे. नोंदणी प्रमाणपत्रावरून संस्था कायद्याने अस्तित्वात आहे एवढेच कळते. १२एमुळे संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावर करसवलत मिळते. देणगी देणाऱ्याला लाभ होतो तो फक्त ८०जीमुळे. “आमची संस्था १२ए आहे” असे कोणी सांगितले, तर तुमच्या वजावटीचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

आदेशावरचे वर्ष नीट वाचा

आमच्या ग्राहकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. १ एप्रिल २०२१ पासून ८०जीच्या सर्व जुन्या मंजुऱ्यांसाठी नव्याने अर्ज करणे बंधनकारक झाले. त्यानंतर बहुतेक जुन्या संस्थांना फॉर्म १०एसीमध्ये पाच वर्षांचा आदेश मिळाला. त्यावर मुदत अशी छापलेली असते: “AY 2022-23 to AY 2026-27”.

यातले AY म्हणजे मूल्यांकन वर्ष, म्हणजे देणगी दिली त्याच्या पुढचे वर्ष. मूल्यांकन वर्ष २०२६-२७ हे आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी असते आणि हे आर्थिक वर्ष ३१ मार्च २०२६ रोजी संपते. समजा, दादरच्या एका गृहस्थांनी २० एप्रिल २०२६ रोजी चेक दिला. आदेशावर “2026-27” दिसते, म्हणून अजून वर्षभर मुदत आहे असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात त्या आदेशाची मुदत वीस दिवस आधीच संपलेली असते. त्यात १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या आयकर अधिनियमात ‘कर वर्ष’ ही संज्ञा आली आहे, आणि कर वर्ष २०२६-२७ म्हणजे १ एप्रिल २०२६ ते ३१ मार्च २०२७. आकडा एकच, पण जुन्या आदेशावर त्याचा अर्थ वेगळा. (नव्या कायद्यात कलमांचे आकडेही बदलतात. तुमच्या हातातल्या कागदांवर जुने आकडे असल्याने इथे तेच वापरले आहेत.)

म्हणून १ एप्रिल २०२६ नंतर देणगी देणार असाल तर नूतनीकरणाचा आदेश मागा. “अर्ज केला आहे” असे सांगून पोचपावती पाठवली, तर ती मंजुरी नव्हे. आदेश हाती येईपर्यंत देणगी थांबवायला काही हरकत नाही, आणि चांगल्या संस्थेला त्याचा राग येत नाही.

काही संस्था अजूनही २०१० च्या सुमाराचा आदेश पाठवतात, ज्यात मंजुरी पुढील सूचनेपर्यंत कायम असल्याचे लिहिलेले असते. तो आदेश खोटा नाही, पण २०२१ च्या बदलानंतर त्याच्या जोरावर वजावट मिळत नाही. आदेशात ‘प्रोव्हिजनल’ शब्द असेल तर मंजुरी तात्पुरती, जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे. त्या काळात दिलेल्या देणगीवर वजावट मिळते. मात्र दरवर्षी देणगी द्यायची असेल तर दरवर्षी आदेश पुन्हा पाहावा लागेल.

पीडीएफवर थांबू नका

आयकर विभागाच्या incometaxindia.gov.in या संकेतस्थळावर “Exempted Institutions” ही यादी आहे. तिथे शोध नावाने न घेता पॅनने घ्या, कारण सेवा, विकास, प्रतिष्ठान हे शब्द असलेल्या एकसारख्या नावांच्या अनेक संस्था मुंबईत आहेत. नव्या आदेशावरचा यूआरएन हा नोंदणी क्रमांक संस्थेच्या पॅननेच सुरू होतो. त्यामुळे आदेश, देणगीची पावती आणि यादी या तिन्हींत पॅन अक्षरन्‌अक्षर जुळला पाहिजे. यादीत १२एची नोंद दिसली म्हणून ८०जीही असेल असे धरून चालू नका, दोन्ही नोंदी वेगळ्या पाहा.

पैसे भरण्याआधी बँक खात्याचे नावही ताडून पाहा. नोंदणी एका नावाने आणि खाते विश्वस्ताच्या वैयक्तिक नावाने किंवा त्यांच्याच दुसऱ्या संस्थेच्या नावाने असेल, तर तिथेच थांबा. दुसऱ्या संस्थेच्या खात्यात गेलेल्या पैशांसाठी पहिल्या संस्थेचे ८०जी उपयोगी पडत नाही.

वजावट किती, आणि कोणत्या कागदावर

नव्या करप्रणालीत वैयक्तिक करदात्याला ८०जीची वजावट मिळतच नाही, त्यामुळे जुनी प्रणाली निवडली असेल तरच पुढचा हिशेब लागू होतो. बहुतेक खासगी ट्रस्टच्या बाबतीत आधी देणगीवर समायोजित एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा लागते, आणि मग मर्यादेत बसणाऱ्या रकमेच्या निम्मी वजावट मिळते. हे उत्पन्न ९,००,००० रुपये असेल आणि देणगी १,२०,००० रुपये, तर विचारात घेतली जाते फक्त ९०,००० रुपयांची रक्कम, आणि वजावट होते ४५,००० रुपयांची. १,२०,००० चे निम्मे, म्हणजे ६०,००० रुपये, धरून बसणारे पुष्कळ असतात. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर, तसेच धान्य, कपडे, औषधे अशा वस्तुरूप देणगीवर काहीही वजावट नाही.

पैसे दिल्यावर मिळणारी छापील पावती जपून ठेवा, पण वजावटीचा आधार असतो फॉर्म १०बीई. संस्था वर्षाच्या देणग्यांचे विवरण फॉर्म १०बीडीमध्ये भरते, त्यावरून पोर्टलवर १०बीई तयार होतो, आणि तो पुढच्या ३१ मेपर्यंत देणगीदाराला द्यायचा असतो. संस्थेने स्वतःच्या लेटरहेडवर टाइप करून दिलेले ‘१०बीई’ चालत नाही. मिळाल्याबरोबर त्यातला तुमचा पॅन तपासा. एक अक्षर चुकले असेल तर तुमच्या विवरणपत्राशी ती देणगी जुळणार नाही. अशा वेळी संस्थेला विवरण दुरुस्त करून पुन्हा भरायला सांगा, तशी सोय आहे.

संस्थेबरोबर काम करायचे असेल तर

देणगीपुरते ८०जी पाहिले तरी बहुधा भागते. करार करायचा असेल तर मात्र सही करणाऱ्याला अधिकार आहे का, हे पाहावे लागते, आणि ते मूळ नोंदणी प्रमाणपत्रावरून कळत नाही. त्यावर फक्त संस्थेचे नाव आणि क्रमांक असतो: ई किंवा एफ असे अक्षर, आकडा, आणि कंसात जिल्हा. एफ क्रमांकाच्या संस्थेकडे संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालचे वेगळे प्रमाणपत्रही असते, तेही मागा.

सध्याचे विश्वस्त कोण, हे परिशिष्ट-१ च्या उताऱ्यात दिसते. त्याची प्रमाणित नक्कल मुंबईत नोंदलेल्या ट्रस्टसाठी वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयातून मिळते. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो, पण तो मंजूर व्हायला वेळ लागतो. त्यामुळे तुमच्यासमोर बसलेल्या अध्यक्षांचे नाव उताऱ्यात नसेल, असे बरेचदा होते. तेवढ्यावरून काही काळेबेरे आहे असे समजू नका. प्रलंबित चेंज रिपोर्टचा क्रमांक आणि प्रत घ्या, सहीचा अधिकार देणारा विश्वस्त मंडळाचा ठराव घ्या, आणि उताऱ्यावर नाव असलेल्या किमान एका विश्वस्ताची सही करारावर असू द्या.

ट्रस्टची जागा वापरणार असाल तर एक गोष्ट आधीच ठरवावी लागते. इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त काळ भाडेपट्ट्याने घ्यायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्याशिवाय केलेला भाडेपट्टा वैध ठरत नाही. म्हणून पाच वर्षांचा प्रकल्प असेल तर जागेच्या सजावटीवर खर्च करण्याआधी परवानगीचा आदेश हातात घ्या.