चाळीस लाख आले कुठून?

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखानदाराला सीएनसी मशीन घ्यायचं आहे असं धरू. मशीन ५० लाखांचं, पदरचे १० लाख मार्जिन म्हणून घालायचे आणि उरलेल्या ४० लाखांचं कर्ज व्यापारी बँकेकडून घ्यायचं. कागदपत्रं झाली, तारण नोंदलं, कर्ज मंजूर झालं आणि ४० लाख थेट सातपूरच्या मशीन विक्रेत्याच्या खात्यात जमा झाले. हे ४० लाख बँकेने कुणाचे दिले?

बहुतेकांचं उत्तर तयार असतं: ठेवीदारांचे. पेन्शनरांच्या मुदत ठेवी, पगारदारांची बचत खाती यांतून उचलून बँकेने ते कारखानदाराला दिले. पण मग त्या दिवशी कुणाच्या तरी खात्यातली शिल्लक कमी व्हायला हवी होती. तशी ती कुणाचीच झालेली नसते. विक्रेत्याचं खातं त्याच बँकेत असेल, तर कर्ज देताना बँक फक्त दोन नोंदी करते. कारखानदाराकडून ४० लाख येणं, ही बँकेची मालमत्ता. विक्रेत्याच्या खात्यात ४० लाख जमा, हे बँकेचं देणं. सकाळी शहरात जेवढ्या ठेवी होत्या त्याहून संध्याकाळी ४० लाख जास्त आहेत, आणि ते खर्चायला तितकेच खरे आहेत. विक्रेता त्यातून पगार करेल, जीएसटी भरेल, पोलाद घेईल.

पतसंस्थेचं मात्र असं नसतं. आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था असल्याने दोन्ही एकच वाटतात, पण पतसंस्थेचा स्वतःचा पैसा कुठल्या तरी बँकेतल्या खात्यात असतो. तिने कर्जाचा चेक दिला की त्या खात्यातली शिल्लक तेवढी घटते. म्हणजे ‘आहे त्यातूनच कर्ज’ हे वर्णन पतसंस्थेला लागू पडतं. बँकेच्या खात्यातली शिल्लक लोक पैसा म्हणूनच वापरतात, म्हणून बँकेला नवी शिल्लक लिहून कर्ज देता येतं.

मग बँकेने मनाला येईल तेवढे आकडे लिहावेत की! इथे पहिला अडसर येतो तो दुसऱ्या बँकेचा. विक्रेत्याचं खातं दुसऱ्या बँकेत असेल, तर ४० लाख आरटीजीएसने जातात. ती बँक आपल्या बँकेचा नुसता शब्द घेत नाही. दोघींची खाती रिझर्व्ह बँकेत असतात. आपल्या बँकेच्या तिथल्या खात्यातून ४० लाख वजा होतात आणि समोरच्या बँकेच्या खात्यात जमा होतात. ही रिझर्व्ह बँकेतली शिल्लक कुठल्याच व्यापारी बँकेला स्वतः निर्माण करता येत नाही. दिवसभरात दुसरीकडूनही रकमा येत असतात, त्यामुळे बरंचसं आपोआप जुळतं. जे उरतं ते बँक कॉल मनी बाजारातून, म्हणजे दुसऱ्या बँकांकडून एका दिवसापुरतं, उसनं घेते किंवा सरकारी रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून घेते. त्यावर व्याज पडतं.

आता राखीव निधीचं प्रमाण, म्हणजे सीआरआर. बँकेला आपल्या ठेवींच्या ठरावीक टक्के रक्कम रिझर्व्ह बँकेत ठेवावी लागते. जून २०२५ मध्ये हे प्रमाण ४ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ३ टक्क्यांवर आणण्याचं जाहीर झालं. आपल्या ४० लाखांच्या नव्या ठेवीवर, ती शेवटी ज्या बँकेत राहील तिला, ३ टक्क्यांनी १ लाख २० हजार ठेवावे लागतील. त्यावर एक पैसा व्याज मिळत नाही.

पाठ्यपुस्तक इथे एक गणित मांडतं. १०० रुपये ठेव आली, ३ बाजूला ठेवले, ९७ कर्जाऊ दिले, ते परत ठेव म्हणून आले, त्यातून पुन्हा कर्ज, असं करत मूळ रकमेच्या ३३ पट पैसा तयार होतो. गणित बरोबर आहे, पण बँकेतला क्रम तसा नसतो. शाखेत कर्ज मंजूर करणारा अधिकारी रिझर्व्ह बँकेतली शिल्लक बघत नाही. तो बॅलन्सशीट, ऑर्डर आणि तारण बघतो. कर्ज आधी होतं, सीआरआर नंतर भरला जातो, तोही पंधरवड्याच्या सरासरीने आणि आधीच्या तारखेच्या ठेवींवर मोजून. कमी पडला तर दंडाचं व्याज. त्यामुळे सीआरआर कर्जाला कुलूप लावत नाही, त्याची किंमत वाढवतो.

शिवाय भारतात प्रत्यक्षातली पट ३३ च्या आसपासही नाही, साधारण पाच-सहा आहे. याचं मुख्य कारण रोकड. द्राक्षकाढणीच्या हंगामात निफाड-दिंडोरीकडे मजुरी रोख वाटायची म्हणून बागायतदार खात्यातून नोटा काढतात. त्या नोटा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेल्या असतील, पण त्या प्रेसशेजारच्या शाखेलाही फुकट मिळत नाहीत. बँकेला नोटा मिळतात तेव्हा तिच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून पूर्ण रक्कम वजा होते. हिशोब बघा. खात्यात पडून असलेल्या १०० रुपयांना ३ रुपयांची राखीव शिल्लक पुरते, पण तेच १०० रुपये नोटांच्या रूपात बाहेर गेले की शंभरच्या शंभर जातात. सीआरआरच्या चर्चेत ही गळती सहसा विसरली जाते, आणि माझ्या मते ती सीआरआरपेक्षा मोठी आहे.

बँकांकडे राखीव शिल्लक भरपूर झाली तर काय होतं, हे २०१६ मध्ये दिसलं. नोटाबंदीनंतर जुन्या नोटा बँकांत आल्या आणि रिझर्व्ह बँकेतल्या शिलकी फुगल्या. इतक्या, की नोव्हेंबरअखेर काही दिवसांसाठी वाढीव ठेवींवर १०० टक्के सीआरआर लावून तो पैसा अडकवून ठेवावा लागला. पाठ्यपुस्तकाप्रमाणे तो हटल्यावर कर्जांचा पूर यायला हवा होता. झालं उलटंच. त्या आर्थिक वर्षात कर्जवाढ कित्येक दशकांतल्या नीचांकाला गेली.

मागणी थंडावली होती हे एक कारण. दुसरं कारण भांडवलाचं, आणि खरी मर्यादा बहुधा तिथेच असते. भांडवल म्हणजे बँकेच्या मालकांचा, भागधारकांचा पैसा. व्यापारी बँकेला जोखमीच्या वजनाने मोजलेल्या कर्जांच्या ११.५ टक्के भांडवल लागतं. छोट्या उद्योगाच्या अशा कर्जाला ७५ टक्के वजन, म्हणजे आपले ४० लाख इथे ३० लाख मोजले जातात आणि त्यामागे ३ लाख ४५ हजार भांडवल गुंतून पडतं. हे सीआरआरसारखं रात्रीतून उसनं मिळत नाही. नफ्यातून साठवावं लागतं किंवा नवे शेअर विकून आणावं लागतं.

अंबडच्या कारखानदाराची मोठी ऑर्डर गेली आणि हप्ते थकले असं समजा. विक्रेत्याच्या खात्यातले ४० लाख शाबूत राहतात, त्याचं देणंघेणं कधीच संपलंय. बँकेच्या मालमत्तेच्या बाजूचं कर्ज मात्र ९० दिवसांनी एनपीए, म्हणजे बुडीताकडे झुकलेलं कर्ज, ठरतं आणि तारण असलं तरी सुरुवातीलाच १५ टक्के तरतूद करावी लागते, म्हणजे ६ लाख. या कर्जामागे ठेवलेल्या भांडवलाच्या जवळजवळ पावणेदोन पट. ती भर बँकेच्या बाकी नफ्यातून पडते. २०१६ च्या सुमारास सरकारी बँकांच्या वह्यांत पोलाद, रस्ते, वीज यांची अशी थकलेली कर्जं लाखो कोटींनी होती. राखीव शिल्लक ओसंडत होती आणि भांडवल आटत होतं, म्हणून नवीन कर्ज लिहायला कुणी पुढे येत नव्हतं.