शंभर ग्रॅम भात म्हणजे शंभर ग्रॅम तांदूळ नव्हे

तांदूळ शिजतो तेव्हा त्यात एकही कॅलरी वाढत नाही, पण वजन अडीच ते तीन पट होतं. तापलेल्या पाण्यात तांदळातल्या स्टार्चचे कण फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. वाढलेलं वजन सगळं त्या पाण्याचं असतं. चिकनचं उलट होतं. उष्णतेनं स्नायूंतली प्रथिनं आक्रसतात, आतलं पाणी पिळून बाहेर येतं आणि वजन साधारण पाव भागानं घटतं. म्हणूनच १०० ग्रॅम कोरड्या तांदळात सुमारे ३६० कॅलरी असतात आणि १०० ग्रॅम भातात सुमारे १३०. चिकनच्या बिनकातडीच्या छातीच्या मांसात कच्चं असताना १०० ग्रॅमला सुमारे १२० कॅलरी असतात, तर भाजल्यावर सुमारे १६५.

घोळ होतो तो कॅलरी मोजणाऱ्या ॲपमध्ये शिजलेलं वजन कच्च्याच्या नोंदीत टाकल्यावर. १८० ग्रॅम भात 'तांदूळ' म्हणून नोंदवला की ॲप ६४८ कॅलरी दाखवतं. खऱ्या असतात २३० च्या आसपास. दुसरीकडे १५० ग्रॅम कच्च्या चिकनचे शिजून ११० ग्रॅम झाले आणि ते ११० ग्रॅम 'कच्चं' म्हणून नोंदवले, तर १८० ऐवजी १३२ कॅलरीच मोजल्या जातात आणि आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं वहीतून गायब होतात. यातली प्रत्येक चूक रोज त्याच दिशेनं होते, त्यामुळे आठवड्याच्या सरासरीतही ती खोडली जात नाही.

नोंद कच्च्याची आहे की शिजलेल्याची, हे नावावरून कळलं नाही तर आकड्यावरून कळतं. तांदळाच्या नोंदीत १०० ग्रॅमला ३५० च्या आसपास दिसलं तर ती कोरड्या तांदळाची, १३० च्या आसपास दिसलं तर भाताची. चिकनच्या छातीसाठी प्रथिनं पाहावीत. २२-२३ ग्रॅम म्हणजे कच्चं, ३१ ग्रॅम म्हणजे शिजलेलं.

खरी पंचाईत डाळीची आहे. भाताला निदान अंदाजे पट सांगता येते, पण वरणाला ती नसतेच, कारण पाणी किती घालायचं हे दर वेळी आपण ठरवतो. कोरड्या डाळीत १०० ग्रॅमला सुमारे ३४० कॅलरी असतात. समजा १५० ग्रॅम डाळ घेतली, म्हणजे ५१०. फोडणीत १० ग्रॅम तेल, त्याच्या ९०. पातेल्यात एकूण ६०० कॅलरी झाल्या. दाट वरण ९०० ग्रॅम भरलं तर २०० ग्रॅमच्या वाटीत १३३ कॅलरी येतात. तेच पातळ करून १२०० ग्रॅम केलं तर तेवढ्याच वाटीत १०० येतात. 'शिजलेली डाळ' ही ॲपमधली तयार नोंद बहुधा पाणी निथळलेल्या डाळीची असते, १०० ग्रॅमला सुमारे ११५. ती वापरली तर वाटीला २३० कॅलरी दाखवेल. म्हणून वरणासाठी तयार नोंद वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा पातेलंच मोजावं. रिकाम्या पातेल्याचं वजन एकदा करून कुठेतरी लिहून ठेवायचं. डाळ कोरडी असताना तोलायची, तेलही तोलायचं, कारण १० ग्रॅमचे २० झाले तर ९० कॅलरी वाढतात आणि डोळ्यांना ते जाणवत नाही. शिजल्यावर भरलेलं पातेलं तोलून रिकाम्याचं वजन वजा करायचं. मग आपल्या वाटीतलं वजन भागिले एकूण शिजलेलं वजन, हा आपला वाटा. भातालाही हेच लागू होतं. २०० ग्रॅम तांदळाचा ५६० ग्रॅम भात झाला आणि आपण १८० ग्रॅम घेतला, तर १८० भागिले ५६० गुणिले २००, म्हणजे ६४ ग्रॅम तांदूळ. नोंद ६४ ग्रॅम कोरड्या तांदळाची करायची.

वरण वाढण्याआधी तळापासून ढवळावं. डाळ खाली बसते आणि वर पाणी राहतं, त्यामुळे न ढवळता घेतलेल्या दोन वाट्यांचं वजन सारखं असलं तरी कॅलरी सारख्या नसतात.

चिकनमध्ये दोन अडचणी राहतात. शिजल्यावर हाडांसकट तोललं असेल तर जेवणानंतर हाडं तोलून ती वजा करावी लागतात, आणि मग उरलेल्या वजनाला शिजलेल्या मांसाचीच नोंद लावायची. कातडीसकट भाजलं तर चरबी वितळून थेंबथेंब गळते. ती टाकून दिली असेल तर कच्च्या वजनावरून काढलेला आकडा थोडा जास्त येतो, तिथे शिजलेल्याची नोंद अधिक बरोबर ठरते. रस्सा केला असेल तर सुटलेलं पाणी आणि चरबी पातेल्यातच राहते, मग पुन्हा वरणाचीच पद्धत.

दुसऱ्या दिवशी मात्र कालचा भागाकार चालत नाही. वरील दाट वरणातलं ४५० ग्रॅम उरलं असेल तर त्यात ३०० कॅलरी आहेत. सकाळी ते घट्ट झालं म्हणून १५० ग्रॅम पाणी घालून गरम केलं, तर ६०० ग्रॅममध्येही ३००च राहतात, आणि आज २०० ग्रॅमच्या वाटीत १३३ नव्हे, १०० कॅलरी लिहायच्या.