पंखा एकवर ठेवला तरी बिल तेवढंच?

"रेग्युलेटर कोणताही असो, पंखा हळू केला तरी वीज तेवढीच जाते ना?"

नाही. नौपाड्यातल्या जुन्या घरांत अजून दिसणाऱ्या मोठ्या डब्याच्या रेग्युलेटरमध्येही वेग कमी केला की वीज थोडी घटते. पण वाचलेल्यातला बराच भाग आतली रोधाची तार तापवण्यात जातो. समजा एक नंबरवर तारेचा रोध 400 ओहम आणि प्रवाह 0.2 अँपिअर. मग 0.2 × 0.2 × 400, म्हणजे 16 वॅट नुसती उष्णता. रोज दहा तास चालला तर महिन्याला 4.8 युनिट! डबा कोमट लागतो तो यामुळेच.

कपॅसिटरवाला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेचा दाब कमी करतो, पण स्वतः जवळपास तापत नाही. फुल स्पीडवर मात्र दोन्ही सारखेच.