शेवग्याची साल शिजते का?

"शेवग्याची शेंग चोखून साल फेकून देऊ नका, सगळं फायबर त्या सालीतच असतं. बारीक चावा आणि गिळा!" अशा अर्थाचे आरोग्यसल्ले मोबाइलवर अधूनमधून येऊन आदळतात. त्यातली फायबरची गोष्ट खोटी नाही. पण फायबर नारळाच्या काथ्यातही भरपूर असतं, म्हणून कुणी पायपुसणं खात नाही. उलट ज्यांच्या परसात शेवगा आहे, त्यांना विचारा. फूल गळून थोडेच दिवस झालेली, पेन्सिलीहून बारीक शेंग ते फरसबीसारखी चिरून अख्खी खातात, आणि त्यांचंही बरोबरच आहे. शेंग अख्खी खायची की गर ओरपायचा, हे शेंगेच्या वयावर ठरतं. त्या वयात सालीच्या आत काय घडतं, ते पाहण्यासारखं आहे.

आपण तिला शेंग म्हणतो खरं, पण वाल, चवळी, गवार यांच्याशी तिचं जवळचं नातं नाही. वनस्पतिशास्त्राच्या वर्गवारीत शेवगा मोहरी आणि कोबीच्या गणात बसतो. चवळीची शेंग दोन फाकांची असते, शेवग्याची तीन फाकांची. म्हणून आडवी कापली की ती साधारण त्रिकोणी दिसते. बाहेरून लांबीच्या दिशेने जाणारे नऊ कंगोरे असतात. मधोमध पांढरा, स्पंजासारखा गर, त्यात एका ओळीत बसलेल्या बिया, आणि या सगळ्याभोवती हिरवी भिंत. झाडावर तशीच ठेवली तर शेंग वाळून तपकिरी होते, उभी तडकते, तीन पट्ट्या सुट्या होतात आणि कागदी पंख असलेल्या बिया बाहेर पडतात. हात-दीड हात लांबीची शेंग वाऱ्यात लोंबकळत राहायची आणि शेवटी सरळ रेषेत फाटायची, तर भिंत ताठ हवी. त्यासाठी झाड भिंतीत तंतू घालतं.

हे तंतू म्हणजे लांबट, टोकदार पेशी. कोवळ्या शेंगेत त्या जिवंत असतात आणि त्यांच्या भिंती पातळ असतात. त्या भिंतीत मुख्यतः सेल्युलोजच्या साखळ्या असतात आणि त्यांच्यामध्ये पेक्टिन. पेक्टिन म्हणजे पेरूची जेली जमवणारा पदार्थ. शेंग जून होऊ लागली की या पेशी आपल्या भिंती जाड करतात आणि त्यांत लिग्निन ओततात. सेल्युलोज म्हणजे सळया धरल्या, तर लिग्निन हे त्यांच्यामध्ये ओतलेलं काँक्रीट.

लिग्निन तयार होण्याची रीत मला फार आवडते. पेशी आधी छोटे रेणू भिंतीत सोडते. तिथली विकरं प्रत्येक रेणूतून एकेक इलेक्ट्रॉन काढून घेतात. असा अर्धवट झालेला रेणू अत्यंत उतावळा असतो. शेजारी जो सापडेल त्याला, ज्या बाजूने जमेल त्या बाजूने, तो जाऊन चिकटतो. प्रथिनात किंवा सेल्युलोजमध्ये कोणत्या कडीनंतर कोणती आणि ती कशी जोडायची, हे ठरलेलं असतं. इथे तसलं काहीच नाही. त्यामुळे जे जाळं तयार होतं, त्यात अनेक प्रकारचे सांधे कसल्याही क्रमाशिवाय मिसळलेले असतात. सांधा ओळखून कापणारं साधं पाचक विकर इथे निरुपयोगी ठरतं, कारण एकच सांधा ठराविक अंतरावर सापडत नाही. काम संपल्यावर तंतूची पेशी मरते, जाळं मागे राहतं. एकदा लिग्निन बसलं की शेंग पुन्हा कोवळी होत नाही.

आता हीच शेंग पातेल्यात टाकू. पाणी उकळू लागलं की पेक्टिनच्या साखळ्या तुटतात आणि विरघळतात. गराच्या पेशी एकमेकींना मुख्यतः पेक्टिननेच धरून असतात, त्यामुळे त्या सुट्या होतात. शिजलेला गर दाताने ओढताच सुटून येतो, तो म्हणूनच. तंतूंना मात्र लिग्निनने धरलेलं असतं आणि त्याला उकळत्या पाण्याचं काही वाटत नाही. कुकर लावला तरी आतलं तापमान जेमतेम १२० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. लाकडातून लिग्निन काढायला कागद कारखान्यांत कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात, साधारण १७० अंशांवर, लाकडाचे तुकडे शिजवतात. तेव्हा शिट्ट्या वाढवून साल मऊ होईल, ही आशा सोडावी. जास्त शिट्ट्यांनी गर आमटीत विरघळतो आणि हाती रिकाम्या काड्या उरतात.

चिंच किंवा आमसूल शेंगा शिजल्यावर घालायचं, या घरगुती शिस्तीमागेही पेक्टिनच आहे. आंबट पाण्यात पेक्टिन फार सावकाश तुटतं. चिंचेचा कोळ आधीच पडला तर गरही घट्ट राहतो, आणि मग दोष शेंगेला दिला जातो.

चघळून गिळलंच तर? लिग्निन तोडू शकणारे जीव आहेत: लाकडावर वाढणाऱ्या काही बुरशा. धिंगरी अळिंबी पेंढ्यावर वाढते ती याच जोरावर. पण या बुरशांच्या विकरांना ऑक्सिजन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं, आणि आपल्या मोठ्या आतड्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. तिथले जिवाणू पेक्टिन आनंदाने आंबवतात, लिग्निनला क्वचितच हात लावतात. प्रयोगशाळेत फायबर मोजताना दोन्ही एकाच आकड्यात धरले जातात, म्हणून तो आरोग्यसल्ला शास्त्रीय वाटतो. थोडेफार तंतू पोटात गेले तर घाबरायचं कारण नाही, ते जसेच्या तसे बाहेर पडतात. मात्र पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि नीट चावता न येणाऱ्यांनी चोथा गिळू नये. न पचणाऱ्या तंतूंचा पोटात गोळा होऊ शकतो.

या झाडाच्या वाट्याला नाहीतरी टोकाच्या गोष्टीच येतात. एकीकडे दारात शेवगा लावू नये, त्यावर भूत बसतं म्हणे. झाडाचं लाकूड ठिसूळ असतं, फांदी अचानक मोडते, आणि खोडावर केसाळ सुरवंटांचे थवे बसतात, ज्यांच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते. दारात न लावायला एवढी कारणं पुरेत, भुताची गरज नाही. दुसरीकडे त्याच्या पानांची पूड 'संत्र्याच्या सातपट क जीवनसत्त्व' म्हणून विकली जाते. ताज्या पानांचे आकडे पुडीच्या पाकिटावर छापायला काही लागत नाही. पानं वाळवताना क जीवनसत्त्वाचा बराच भाग नष्ट होतो, ते मात्र छापलेलं नसतं.

बाजारात शेंगेचं वय ओळखायला ती हळूच वाकवून पाहा. कोवळी शेंग कट्कन मोडते आणि मोडलेल्या जागी दोरे लोंबत नाहीत. ती कंगोरे न सोलता चिरून परतली तरी चालते. मधल्या वयाची शेंग वाकते, मोडताना दोन्ही तुकडे हिरव्या दोऱ्यांनी जोडलेले राहतात. बहुतेक वेळा आपण हीच आणतो. तुकडे करतानाच निघतील तेवढे दोरे ओढून काढायचे, पण सगळी साल तासायची नाही, नाहीतर गर धरून ठेवायला काही उरत नाही. जून शेंग पिळली तर काठीसारखी ताठ लागते आणि आतल्या बिया बाहेरून गाठींसारख्या जाणवतात. तिचाही गर वाया घालवायचा नसेल तर शेंग उकडून उभी चिरावी, चमच्याने गर खरवडून पिठल्यात घालावा. बियांचं टरफल तपकिरी झालं असेल तर त्या काढून टाकाव्यात, कारण त्या कडवट लागतात.