जोडलेली पट्टी आणि चढवलेली पट्टी: क्रॉप करण्याआधी हे बघा

फॉरवर्ड आलेल्या चित्रावर पट्टीत लिहिलेली ओळ नको असेल तर ती पट्टी क्रॉप करा, हे आता सगळ्यांना येतं. फक्त क्रॉपच्या चौकटीचं प्रमाण ‘फ्री’वर ठेवा, नाहीतर बाजूही कापल्या जातात. आणि क्रॉप करायचं सोडून स्क्रीनशॉट काढणाऱ्यांना माझा दंडवत, कारण त्यात बहुतेक वेळा चित्राचे पिक्सेलच कमी होतात.

खरा घोळ वेगळाच आहे. काही पट्ट्या चित्राच्या बाहेर, जागा वाढवून जोडलेल्या असतात, तर काही चित्रावरच चढवलेल्या असतात. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून लोक दोन्हींवर तीच कात्री चालवतात आणि मग ‘पाय का गेले?’ असं विचारतात.

फाइलचा तपशील उघडून मापं बघा. समजा, चित्र १६०० × १३८० आहे आणि वरची पट्टी १८० पिक्सेलची. पट्टी वजा केली की उरतात १६०० × १२००, म्हणजे नेमकं ४:३. फोनचे फोटो बहुधा याच प्रमाणात असतात, तेव्हा ही पट्टी नंतर जोडलेली आहे. बिनधास्त कापा. पण पट्टीसकटच माप १६०० × १२०० असेल, तर ती चढवलेली असण्याची शक्यता जास्त. हा पुरावा नव्हे, कारण आधीच कोणी फोटो कापलेला असू शकतो. म्हणून पट्टीची कडही बघा. हात किंवा डोकं मध्येच पट्टीखाली गडप होत असेल, पट्टीतून मागचं अंधुक दिसत असेल, तर शंका नको.

चढवलेल्या पट्टीखालचं चित्र जेपेगमध्ये उरतच नाही. पट्टी अपारदर्शक असेल तर ती ‘काढून’ खालचं दाखवता येत नाही. वरच्या १६०० × १२०० च्या चित्रातून ती कापलीत तर पिक्सेलच्या १०२० ओळी उरतील. त्या पुरत असतील तर ठीक, नाहीतर गूगल लेन्सवर मूळ फोटो शोधा.

जोडलेली पट्टी कापतानाही एक खोड राहते: काठावर करडी, मळकट रेघ. जेपेग चित्र ८ × ८ पिक्सेलच्या चौकटींत साठवतो. वरून १८० वर पट्टी संपते, पण चौकट १७६ ते १८४ अशी पडते, त्यामुळे पट्टीची कड आणि चित्राच्या पहिल्या चार ओळी एकाच चौकटीत दाबल्या जाऊन बरबटतात. म्हणून १८० ला न कापता १८४ ला कापा. रंग सांडलेला दिसला तर १९२ ला, कारण रंग बऱ्याचदा १६ च्या चौकटीत साठवलेला असतो. बारा ओळी गेल्याचं कोणाला कळतही नाही, रेघ मात्र लगेच डोळ्यात खुपते. फोटो पुन्हापुन्हा फॉरवर्ड होताना लहान-मोठा झाला असेल, तर हे हिशेब चुकतात. तेव्हा झूम करून रेघ जाईपर्यंत आत सरका.

आणि पट्टीत फोटो काढणाऱ्याचं नाव असेल तर ती कापूच नका.