रबरातली काळी बुरशी आणि बर्फाला कांद्याचा वास

श्रावणात पंचवटीत मावशीकडे गेलो होतो. तिनं लिंबाचं सरबत दिलं आणि पहिल्याच घोटाला कांद्याचा वास आला. "अरे, बर्फाचा ट्रे दोनदा घासला, तरी वास जात नाही," मावशी म्हणाली. फ्रीज साधा, एका दाराचा. दाराचं रबर बोटानं ओढून पाहिलं, तर बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात घड्यांच्या आत काळी रेघ होती.

वर्तमानपत्राची एक पट्टी दारात अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावलं आणि पट्टी ओढली. रबराच्या आत चुंबकाची पट्टी असते, ती दाराला चौकटीशी धरून ठेवते. त्यामुळे कागद ओढताना अडकायला हवा. तीन बाजूंना अडकला, काळ्या कोपऱ्यात मात्र सहज निघून आला. तिथे फट होती.

पावसाळ्यात नाशिकची हवा 25 अंशांना आणि 80 टक्के आर्द्रतेला असेल, तर तिच्या एका घनमीटरमध्ये साधारण 18 ग्रॅम पाण्याची वाफ असते. 4 अंशांच्या हवेत जेमतेम 6 ग्रॅम मावते. उरलेलं पाणी जिथे थंड पृष्ठभाग मिळेल तिथे जमतं. आधी फटीजवळच्या रबरावर दव धरतं आणि घडीत वारा लागत नसल्यामुळे ते वाळत नाही. आत शिरलेली वाफ पुढे फ्रीझरच्या भिंतींवर बर्फाचा थर होऊन बसते.

त्या ओल्या घडीत दुधाचे थेंब, आमटीचे शिंतोडे, धूळ साचते. बुरशीला एवढं पुरतं. अशा जागी नेहमी सापडणारी क्लॅडोस्पोरियम ही काळपट बुरशी तर शून्याच्या जवळपासही वाढते, म्हणून थंडी तिला मारत नाही, फक्त तिची वाढ मंदावते.

सफाईआधी प्लग काढला. बुरशी कोरडी कधीच घासायची नाही, तिचे बीजाणू हवेत उडून फ्रीजभर पसरतात. मास्क आणि हातमोजे घालून आधी घडी ओली केली. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घेऊन जुन्या टूथब्रशनं आणि चमच्याच्या दांड्याला गुंडाळलेल्या फडक्यानं आतपर्यंत घासलं. बरीचशी बुरशी इथेच निघाली. उरलेल्या रेघेसाठी एक लिटर पाण्यात दोन छोटे चमचे साधं ब्लीच घातलं, त्यात भिजवलेलं फडकं घडीत दहा मिनिटं दाबून ठेवलं, मग साध्या पाण्यानं दोनदा पुसून घडी अगदी कोरडी केली. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच वारंवार वापरलं तर रबर कडकही होतं.

एवढं करून फिकट काळा डाग राहिला. मावशीला वाटलं, बुरशी गेलीच नाही. पण बुरशीचा रंग रबराच्या मऊ प्लॅस्टिकमध्ये मुरतो आणि ती मेल्यावरही तिथेच राहतो. पांढरं फडकं ओलं करून फिरवा. त्यावर काळं आलं नाही आणि दोन-तीन आठवड्यांत डाग वाढला नाही, तर तो नुसता डाग आहे असं समजा.

फट तशीच ठेवली असती, तर हे सगळं पुन्हा झालं असतं. मावशीच्या दारात पाण्याच्या सहा भरलेल्या बाटल्या होत्या, त्या वजनानं दार खाली ओढलं गेलं होतं. बाटल्या आतल्या कप्प्यात हलवल्या. चपटं झालेलं रबर गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं शेकून बोटांनी उभं केलं आणि दार काही तास बंद ठेवलं. रबर फाटलेलं असेल, तर मात्र बदलावंच लागतं.

आता बर्फ. खालच्या कप्प्यात अर्धा कापलेला कांदा उघड्या वाटीत होता. एका दाराच्या फ्रीजमध्ये फ्रीझरची झडप घट्ट बसत नाही, त्यामुळे कांद्यातले गंधकयुक्त रेणू हवेबरोबर सहज वर जातात. ट्रेमधलं पाणी गोठायला काही तास लागतात, तोवर ते हे रेणू शोषत राहतं. गोठलेला बर्फ त्यांना धरून ठेवतो आणि थंडीत वास फारसा सुटत नाही. सरबतात बर्फ वितळला की रेणू मोकळे होतात, म्हणून ट्रे हुंगून काही कळत नाही, पेला हुंगल्यावर कळतं.

भिंतीवरच्या बर्फातही तोच वास अडकलेला होता, म्हणून नुसता ट्रे घासून उपयोग नव्हता. बर्फ आपोआप वितळू दिला. सुरीनं तो खरवडायचा नाही, खालची नळी फुटते आणि आजच्या अनेक फ्रीजमधला वायू ज्वलनशील असतो. फ्रीझर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसला, ट्रे रात्रभर त्याच पाण्यात ठेवला. कांदा झाकणाच्या डब्यात गेला, बर्फासाठी झाकणाचा ट्रे आणला. पहिला बर्फ टाकून दिला.

तीन आठवड्यांनी मावशीनं फोन केला. कागद चारही बाजूंना अडकत होता, डाग होता तेवढाच होता आणि सरबताला फक्त लिंबाचा वास येत होता.